नियम पाळला म्हणून वारा येत नाही

घर बांधायला काढलेल्या कुटुंबात नकाशावर चर्चा सुरू झाली की एक मत हमखास मांडले जाते. वास्तुशास्त्र हे आपल्या पूर्वजांचे हवामानशास्त्रच आहे; त्याचे दिशानियम नीट पाळले की उजेड आणि वारा घरात आपोआप येतात, त्यांचा वेगळा विचार करण्याचे कारण नाही. हे मत अडाण्यांचे नाही. अनेक अभियंते आणि वास्तुविशारदही ते मांडतात, कारण त्यामुळे श्रद्धा आणि विज्ञान यांचा तंटा एका वाक्यात मिटतो. तंटा मिटतो हे खरे, पण घर मात्र अनेकदा अंधारे आणि कोंदट राहते. म्हणून या मताची तपासणी करणे मला आवश्यक वाटते.

आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडू. पूर्वेचे आणि ईशान्येचे सकाळचे ऊन कोवळे, म्हणून ती बाजू मोकळी, सखल आणि खिडक्यांची ठेवावी. दुपारचे ऊन दक्षिणेकडून आणि पश्चिमेकडून येते आणि भाजून काढते, म्हणून ती बाजू बंद, उंच आणि जाड भिंतींची असावी. नैऋत्य सर्वांत जड. तिथे घराच्या कर्त्याने निजावे. स्वयंपाक आग्नेयेला, कारण सकाळचे ऊन तिथे पडते. घराच्या मध्यभागी ब्रह्मस्थान. ते रिकामे ठेवावे, म्हणजे हवा खेळती राहते. यात एकही गोष्ट वरवर हास्यास्पद नाही. प्रत्येक नियमामागे एक कारण दिले आहे. ज्याच्यामागे कारण दिले जाते ते तपासता येते, आणि म्हणूनच आपण ते तपासू. महाराष्ट्रात बांधायचे घर असेल तर महाराष्ट्राच्या सूर्याने आणि वाऱ्याने.

पहिला मुद्दा दक्षिणेचा. पुणे साधारण १८.५ उत्तर अक्षांशावर आहे. सूर्य उन्हाळ्यात २३.५ अंशांपर्यंत उत्तरेकडे सरकतो, म्हणजे पुण्याच्या डोक्यावरून पलीकडे जातो. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत इथे सूर्य उगवतो ईशान्येकडे कललेला, मावळतो वायव्येकडे कललेला, आणि दुपारीही माथ्याच्या किंचित उत्तरेलाच असतो. या अडीच महिन्यांत दक्षिणेच्या भिंतीवर थेट ऊन पडतच नाही. एप्रिलच्या मध्यावर दुपारी सूर्य दक्षिणेला असतो खरा, पण क्षितिजापासून सुमारे ८१ अंश वर, जवळजवळ डोक्यावर. अशा उन्हाला अडवायला काय लागते? खिडकीवर दोन फुटांचा साधा छज्जा. तो चार फूट उंच खिडकीवर पूर्ण सावली धरतो, आणि तरीही सावली उरते. डिसेंबरात मात्र तोच सूर्य दुपारी फक्त ४८ अंशांवर असतो. तेव्हा त्याच छज्ज्याची सावली वरच्या सव्वादोन फुटांपर्यंतच पोचते आणि खालून ऊन खोलीत येते. म्हणजे दक्षिणेची खिडकी उन्हाळ्यात ऊन नाकारते आणि थंडीत स्वीकारते. कुठलेही यंत्र नाही, कुठला पडदा नाही. अशी गुणी खिडकी आपल्या अक्षांशात दुसऱ्या कुठल्या दिशेला मिळणार? आणि हीच खिडकी ‘दक्षिण अशुभ’ म्हणून आपण बुजवतो.

पश्चिमेचे तसे नाही. मेच्या मध्यावर पुण्यात दुपारी साडेचारच्या सुमारास सूर्य क्षितिजापासून अवघ्या ३३ अंशांवर असतो. तोच दोन फुटांचा छज्जा आता खिडकीच्या वरच्या सव्वा फुटालाच सावली देतो. उरलेली खिडकी उन्हात. पश्चिमेचे ऊन तापदायक, हा पूर्वपक्षाचा भाग मी पूर्ण मान्य करतो. पण ते ऊन नैऋत्येतून येते हे मान्य करता येत नाही. त्या वेळी सूर्य पश्चिमेच्या सुमारे १० अंश उत्तरेला, म्हणजे वायव्येकडे झुकलेला असतो. मार्चमध्ये तो थोडा नैऋत्येकडे असतो, एप्रिलच्या मध्यावर त्या वेळी नेमका पश्चिमेला येतो, आणि मे-जूनमध्ये, जेव्हा घर सर्वांत जास्त तापते, तेव्हा वायव्येकडे. नैऋत्येकडून खरे ऊन येते ते थंडीत, जेव्हा ते हवेहवेसे असते. दक्षिण आणि पश्चिम यांना एकाच दोरीने बांधणारा नियम सूर्याच्या मार्गाशी जुळत नाही. सूर्य दोघींना वेगळे वागवतो. आपण का वागवू नये?

दुसरा मुद्दा वाऱ्याचा, आणि माझ्या मते तो अधिक गंभीर आहे. पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात उन्हाळ्याची संध्याकाळ ज्या वाऱ्यावर निभते, तो पश्चिमेकडून येतो. समुद्रावरचा वारा दुपारनंतर किनाऱ्यावर चढतो आणि घाट ओलांडून संध्याकाळी देशावर पोचतो. पावसाळ्यात तर वारा पश्चिमेचा आणि नैऋत्येचाच. आता पश्चिम आणि नैऋत्य पूर्ण बंद आणि ईशान्य पूर्ण मोकळी असे घर डोळ्यांपुढे आणा. वाऱ्याला आत यायला वाटच नाही. बाहेर जायला मात्र प्रशस्त दारे-खिडक्या. अशा घरात ईशान्येच्या कितीही खिडक्या उघडा, मे महिन्याच्या संध्याकाळी वाऱ्याची झुळूक मिळत नाही. वारा वाहता राहायचा तर त्याला आत येण्याची आणि बाहेर जाण्याची अशी दोन तोंडे लागतात. एक तोंड बंद केले की दुसरे केवळ भिंतीतले छिद्र उरते.

यावर पूर्वपक्षी म्हणतील, की मग पश्चिमेची खिडकी उघडून ऊन आत घ्यायचे का? हा प्रश्न रास्त आहे. उत्तर असे, की वारा आणि ऊन एकाच दिशेने येत असले तरी दोघांना एकाच खिडकीने घ्यावे लागत नाही. ऊन सरळ रेषेत येते, वारा वळू शकतो. भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेतही हाच मार्ग दाखवला आहे: वारा पूर्वेचा किंवा पश्चिमेचा असेल तर इमारत त्याच्याशी ४५ अंशांपर्यंत तिरपी ठेवली तरी आतल्या हवेचा वेग फारसा घटत नाही, आणि उन्हाचा ताप मात्र कमी होतो. शहरी भूखंडावर अख्खे घर तिरपे करता येत नाही, पण दक्षिणेच्या भिंतीत, पश्चिम कोपऱ्याजवळ खिडकी ठेवून तिच्या पूर्वेच्या कडेला दीड फुटाची उभी पडभिंत बाहेर काढली, तर पश्चिमेचा किंवा नैऋत्येचा वारा तिला अडतो आणि आत वळतो. पश्चिमेची भिंत आंधळी राहिली तरी वारा आला. कोकणातल्या घरांनी दुसरी वाट काढली: पश्चिमेला खोल पडवी. तिच्या सावलीतून वारा आत येतो, ऊन आणि पावसाचा मारा बाहेर राहतो.

वारा सगळीकडे सारखा नसतो, हे इथे नोंदवले पाहिजे. नागपुरात मेच्या दुपारी पश्चिमेकडून आणि वायव्येकडून जी झळ येते तिला घरात घेणे वेडेपणाचे ठरेल. तिथे दिवसा पश्चिम बंद ठेवणे, वाळ्याचे पडदे भिजवून लावणे आणि रात्री सारे उघडणे हेच शहाणपण. म्हणजे ‘पश्चिम बंद’ हा नियम विदर्भात दिवसा योग्य, रत्नागिरीत चूक, पुण्यात दुपारी योग्य आणि संध्याकाळी चूक. जो नियम गाव न विचारता, वेळ न विचारता एकच आज्ञा देतो, त्याला हवामानशास्त्र कसे म्हणायचे? हवामानाचे पहिले लक्षणच हे की ते जागेप्रमाणे बदलते.

स्वयंपाकघराचा नियम या कसोटीवर चांगला उतरतो, आणि तेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. पश्चिमेचा वारा असलेल्या गावात आग्नेयेचे स्वयंपाकघर वाऱ्याच्या उतारावर पडते. फोडणीचा धूर घरातून न फिरता पूर्वेच्या खिडकीतून बाहेर जातो. वायव्येला चूल मांडली तर तोच धूर बैठकीतून आणि निजायच्या खोल्यांतून फिरेल. हा नियम मी आनंदाने पाळेन. पण तमिळनाडूच्या किनाऱ्यावर, जिथे दुपारचा समुद्रवारा पूर्वेकडून आणि आग्नेयेकडून येतो, तिथे तेच आग्नेयेचे स्वयंपाकघर धूर घरभर पसरवील. नियम एक, फळे दोन. याचा अर्थ नियमाचे मूळ वाऱ्यात नाही. ग्रंथांत ते दिले आहे तिथेच आहे: आग्नेय ही अग्नीची दिशा, म्हणून चूल तिथे. ही देवतांची मांडणी आहे आणि त्या भूमीवर ती सुसंगत आहे. हवामानाच्या प्रमाणपत्राची गरज तिला नाही, आपल्याला भासते.

तिसरा मुद्दा ग्रंथांचाच. आज ‘शास्त्र’ म्हणून जे सांगितले जाते, ते शास्त्रात तसेच आहे का? सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वास्तुविद्येचा स्वतंत्र अध्याय आहे. त्यात ईशान्येला देवघर आणि आग्नेयेला स्वयंपाकघर सांगितले आहे, हे आजच्या सल्ल्याशी जुळते. पण नैऋत्येला काय सांगितले आहे? भांडीकुंडी आणि घरसामान. म्हणजे कोठीची खोली. कर्त्याची निजायची खोली तिथे सांगितलेली नाही. आणि उष्णतेच्या दृष्टीने पाहिले तर वराहमिहिराची मांडणी आजच्या सल्लागारापेक्षा सरस ठरते. नऊ इंची विटेच्या भिंतीवर बाहेरून पडलेली उष्णता आत पोचायला साधारण सहा-सात तास लागतात. साडेचारला भाजलेली पश्चिमेची भिंत रात्री अकराच्या सुमारास आतून ऊब सोडू लागते. तिला लागून कोठी असेल तर डबे तापतील. तिला लागून पलंग असेल तर माणूस तापेल. शास्त्र कुठे आणि आपण कुठे?

दरवाजाचेही तसेच. ‘दक्षिणेला दार नको’ ही सरसकट आज्ञा बृहत्संहितेत नाही. तिथे घराच्या परिघाचे ३२ भाग कल्पून प्रत्येक भागातल्या दाराचे वेगळे फळ सांगितले आहे. दक्षिणेच्या आठ भागांत बहुतेक प्रतिकूल आहेत खरे, पण बृहत्क्षत या देवतेचे स्थान लाभदायक सांगितले आहे. उलट पूर्वेच्या आणि उत्तरेच्या बाजूंनाही अशुभ स्थाने आहेत. ग्रंथाने दिशेला सरसकट दोष दिला नव्हता. तो आपण दिला.

आणि एक नियम तर असा आहे की जो प्रकाशाचा अभ्यास करणाऱ्याला थांबवून ठेवतो. दारासमोर झाड, खांब, घराचा कोपरा असा अडथळा आल्यास वेधदोष होतो, असे तो अध्याय सांगतो. पण पुढे सूट देतो: उंचीच्या दुप्पट अंतर मध्ये सोडले तर दोष नाही. उंची एक, अंतर दोन. ही उंची अडथळ्याची धरली, तर दारातून पाहताना त्याचा माथा क्षितिजाच्या सुमारे साडेसव्वीस अंश वर दिसतो. खिडकीसमोरची इमारत साधारण २५ अंशांच्या वर जात नसेल तर खोलीत पुरेसा उजेड येतो, असा ठोकताळा इंग्लंडमधले आजचे प्रकाशनियोजनही वापरते. वराहमिहिराला उजेड मोजायचा होता असा दावा मी करणार नाही. पण त्याचा हा नियम दिशा विचारत नाही, अंतर विचारतो. आजच्या घरातला उजेड बहुतांशी या एकाच गोष्टीवर ठरतो. आणि आजच्या सल्ल्यात हाच नियम सर्वांत कमी ऐकू येतो.

आता चौथा मुद्दा, ब्रह्मस्थानाचा. ८१ पदांच्या मंडलात मधली नऊ पदे ब्रह्माची. ती मोकळी ठेवल्याने घर श्वास घेते, असे म्हणतात. वाड्यात ते खरे होते, कारण तिथे चौक होता आणि चौकावर आभाळ होते. गरम हवा वर चढून निघून जाई आणि भोवतालच्या सोप्यांतून तिच्या जागी थंड हवा येई. आज आपण त्याच जागेवर स्लॅब ओततो आणि खाली फरशी मोकळी ठेवून ब्रह्मस्थान पाळल्याचे समाधान मानतो. वर छप्पर असलेली मोकळी फरशी हवा हलवील कशी? उलट ती घरातली सर्वांत अंधारी जागा होते. खिडकीचा माथा सात फुटांवर असेल तर कामाचा उजेड आत साधारण १४ ते १७ फुटांपर्यंतच पोचतो. मधली खोली त्याच्या पलीकडे पडते.

हे सारे एका घरावर लावून पाहू. पुण्याच्या परिसरातला भूखंड घ्या: पश्चिमेला रस्ता, त्या बाजूची रुंदी ४० फूट, पूर्वेकडे लांबी ६० फूट. समोर १० फूट आणि बाकी तीन बाजूंना ५ फूट सोडले की घर उरते ३० बाय ४५ फुटांचे. उत्तरेला आणि दक्षिणेला शेजाऱ्यांची दुमजली घरे, सुमारे २२ फूट उंच, आपल्या भिंतीपासून १० फुटांवर. वेधाचा नियम इथेच लावा. तळमजल्याच्या खिडकीच्या मध्यावरून पाहिले तर शेजाऱ्याचा कठडा सुमारे ६० अंशांवर दिसतो. म्हणजे उत्तर आणि दक्षिण बाजूंनी तळमजल्यावर आभाळ जवळपास दिसतच नाही.

रूढ सल्ल्याप्रमाणे नकाशा असा होतो: नैऋत्येला कर्त्याची शयनखोली, तिची पश्चिमेची भिंत बंद, एकच खिडकी दक्षिणेच्या अरुंद बोळात. मध्यभागी १० बाय १५ फुटांची बिनखिडकीची बैठक, तिला ब्रह्मस्थान म्हणायचे. उजेडाच्या मोठ्या खिडक्या ईशान्येला, जिथे मागच्या घराची भिंत समोर उभी. या घरात दुपारी बारा वाजता बैठकीत दिवा लावावा लागेल. शयनखोलीत रात्री अकराला भिंत गरम लागेल, आणि ऑगस्टमध्ये कपाटामागे बुरशी धरेल, कारण तिथे हवा हलतच नाही. नियम सगळे पाळले गेले आहेत.

आता दुसरा नकाशा. मधल्या १० बाय १५ च्या जागेत ८ बाय ८ चा चौक थेट गच्चीपर्यंत उघडा ठेवायचा. त्यावर गच्चीच्या तीन फूट वर छोटे छप्पर, चारही बाजूंना झडपा, पाऊस अडवायला बाहेर काढलेल्या कडा. उजेड वरून येतो, गरम हवा वरून जाते. ब्रह्मस्थान खऱ्या अर्थाने मोकळे झाले. नैऋत्य कोपऱ्यात जिना आणि कोठी. कोपरा जड राहिला, वराहमिहिराशी जुळला, नैऋत्येला जिना बहुतेक सल्लागारांनाही चालतो, आणि पश्चिमेची तापलेली भिंत झोपेपासून दूर गेली. जिन्याच्या भिंतीत जाळी ठेवली की संध्याकाळचा वारा तिथूनही आत येतो. वायव्येला रस्त्याकडे बैठक, तिच्यापुढे सहा फुटांची पडवी आणि खालच्या तिरप्या उन्हासाठी बांबूची चिक. दुपारी चिक खाली, सहानंतर वर. शयनखोली दक्षिणेला, जिना आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये. तिची एक खिडकी दक्षिणेला छज्ज्याखाली आणि दुसरी चौकात. दक्षिणेच्या बोळात आभाळ कमी, म्हणून तिचा उजेड मुख्यतः चौकातून. पण हवेला आता दोन तोंडे मिळाली. आग्नेयेला स्वयंपाकघर, धुराचा पंखा पूर्वेच्या भिंतीत. ईशान्येला देवघर आणि आजी-आजोबांची खोली. न्हाणीघर आणि संडास उत्तरेच्या भिंतीला, वायव्येकडे सरकवून.

यात कोणता नियम मोडला? कर्त्याची खोली नैऋत्येऐवजी दक्षिणेला आली आणि पश्चिम काही ठिकाणी उघडली. पहिला नियम मुळात बृहत्संहितेतला नाही, आणि दुसऱ्यावर पडवी घातली आहे. बाकी सारे जागच्या जागी. या घरात चौकामुळे मजल्यामागे ६४ चौरस फूट जागा गेली, हा खर्च मी लपवत नाही. ज्याचा भूखंड यापेक्षा लहान, त्याला चौकाऐवजी जिन्याच्या डोक्यावरच्या उंच झरोक्यावर भागवावे लागेल.

आता उलट बाजूचा आक्षेप. इतके जर हवामानाने ठरते तर दिशानियम हवेतच कशाला, असे काही आधुनिक मित्र विचारतील. त्यांनाही माझा विरोध आहे. देवघर ईशान्येला आणि चूल आग्नेयेला ठेवल्याने या घरातला एक किरणही कमी झाला नाही. ज्या घरात आजीला रोज पूर्वेकडे तोंड करून दिवा लावायचा आहे, तिथे तो नियम नाकारणे हा निव्वळ हट्ट ठरेल. नियम पाळण्याचे मोल शून्य असेल तर तो पाळावा. मोल उजेडाने किंवा वाऱ्याने द्यावे लागत असेल तर आधी ग्रंथ उघडून तो नियम खरोखर तिथे आहे का ते पाहावे, आणि असला तरी त्याची पूर्तता दुसऱ्या मार्गाने होते का ते शोधावे. बहुतेक वेळा होते.

निवाडा वाचकाने करावा, पण पुराव्यावर करावा. नकाशा पक्का करण्यापूर्वी मे महिन्यात संध्याकाळी पाच वाजता भूखंडावर उभे राहा. सूर्य कुठे आहे आणि वारा कुठून येतो ते होकायंत्राने टिपा. प्रत्येक खिडकीसमोरच्या अडथळ्याची उंची आणि अंतर मोजा. जुने घर असेल तर संध्याकाळी सगळ्या खिडक्या उघडून खोलीच्या मध्यात उदबत्ती लावा. धूर सरळ छताला गेला तर त्या खोलीला वाऱ्याचे एकच तोंड आहे, दिशा कोणतीही असो. रात्री अकराला पश्चिमेच्या भिंतीला हात लावा. या चार चाचण्यांत जो नियम टिकेल तो ठेवा. जो टिकणार नाही त्याला शास्त्राचे नाव देऊ नका. शास्त्राची अप्रतिष्ठा त्याला नाकारणाऱ्यांनी कमी केली आहे. न वाचता त्याच्या नावावर अंधारी घरे बांधणाऱ्यांनी अधिक केली आहे.